दादाच्या चुका

दादाच्या पुस्तकात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द 'श्वास', आणि यंत्राला नेमका तोच जमत नसे. 'पाण्यात उतरल्यावर आधी श्वास सोडा' असं दादा फोनला सांगायचा आणि पडद्यावर उमटायचं, 'पाणी आत उतर ल्यावर आधी सासू सोडा'. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी ऑफिसातल्या टेबलावर डोकं टेकवून हसले होते. माझी सासू तेव्हा आमच्याकडेच राहायला आलेली होती, त्यामुळे जरा जास्तच हसले.

मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका वेचायच्या हे माझं पोटापाण्याचं काम, आणि स्वभावही त्याच जातीचा, म्हणून दादा मला लहानपणापासून 'चिमटा' म्हणतो. दादा पोहायला शिकवायचा. मुलांना नाही, मोठ्यांना; ज्यांना पाण्याची भीती वाटते अशा चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना. मग त्याला स्नायूंचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, आणि आता जिभेवर आलं होतं. हात गेल्यावर त्याने पुस्तक लिहायला घेतलं, म्हणजे फोनला सांगायला घेतलं. फोन टाइप करणार, कच्चा मजकूर जसाच्या तसा माझ्याकडे येणार, मी तो निस्तरणार आणि सुट्टीच्या दिवशी त्याला वाचून दाखवणार, अशी आमची पद्धत होती.

निस्तरणं हाच शब्द बरोबर. बोलून टाइप केलेल्या मराठीला दोन मुख्य आजार असतात. पहिला, शब्द तुटण्याचा. 'हाता नी', 'डोळ्या समोर', 'भिंती पासून'. याला औषध सोपं आहे. पहिला तुकडा एकटा उभा राहू शकतो का ते पाहायचं. 'हाता' एकटा उभा राहत नाही, मग मागून येणाऱ्याला त्याच्या कडेवर बसवायचं. दुसरा आजार जोडाक्षरांचा, आणि तो वाईट. यंत्राला जोडाक्षर नीट ऐकू आलं नाही की ते गप्प बसत नाही, ओळखीचं काहीतरी ठोकून देतं. 'विद्यार्थ्याला धरून ठेवू नका' याचं 'विद्यार्थी आला धरून ठेवू नका' होतं. प्रत्येक शब्द दिसायला शुद्ध, आणि वाक्याचा बट्ट्याबोळ. तिथे व्याकरण तपासणारं साधन हात टेकतं. माणूस काय म्हणाला असेल हे कानात ऐकावं लागतं.

आणि 'सगळीकडे बदला' या बटणापासून लांब राहायचं. मी एकदा शहाणपणा केला होता. यंत्र 'दुसर्या', 'बर्याच' असं लिहीत होतं, म्हणून सगळीकडचं 'र्या' काढून 'ऱ्या' घातलं. एका क्षणात काम झालं म्हणून चहा प्यायला गेले. परत येऊन पाहते तर 'मर्यादा'च्या जागी 'मऱ्यादा' आणि 'पर्याय'च्या जागी 'पऱ्याय'. तेव्हापासून एकेक शब्द हाताने.

पुस्तक सुरू करतानाच दादाने अट घातली होती. तेव्हा त्याचं बोलणं सगळ्यांना कळायचं. "ज्या दिवशी यंत्राला माझं बोलणं कळेनासं होईल, त्या दिवशी पुस्तक बंद. उरलेलं कुणी पुरं करायचं नाही. माझ्या नावावर दुसऱ्याची वाक्यं नकोत." वहिनी आणि मी दोघींनी हो म्हटलं होतं. हो म्हणायला काय जातं!

त्या दिवशी ऑफिसात नवीन प्रकरण उघडलं. विषय होता पाठीवर तरंगणं. चहाचा कप हातात धरून पहिलं पान वाचलं आणि थांबले. सासू नव्हती.

'श्वास रोखू नका', 'श्वास मोजू नका', 'श्वासा कडे लक्ष देऊ नका'. पानभर श्वास, आणि एकही चुकलेला नाही. 'स्नायू' बरोबर, 'स्पर्श' बरोबर, 'विद्यार्थ्या ला' तुटलेला, पण जोडाक्षर शाबूत. दादाचं बोलणं सुधारलं असं मनात येण्याइतकीही मी भोळी नाही. मागच्या सुट्टीला त्याने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि मी उशी दिली, तेव्हा त्याला पाणी हवं होतं. माझ्या कानांना त्याचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. यंत्राचा कान माझ्यापेक्षा तिखट असेल, असं मी धरून चालले होते.

मग मी तुटलेले शब्द पाहिले आणि कप खाली ठेवला. दादाचे शब्द जिथे त्याचा दम संपतो तिथे तुटायचे. मधेच, कसेही. 'तरं गतो', 'पोह णारा'. हे तसे नव्हते. 'पाण्या वर', 'खांद्या पासून', 'डोक्या खाली'. प्रत्येक तुकडा प्रत्ययाच्या आधी, अगदी टापटिपीने. लहान मुलाला समजावून सांगावं तसं कुणीतरी सावकाश, स्पष्ट बोललं होतं. हे बोलणारं माणूस दमत नव्हतं.

मागचं प्रकरण काढून पाहिलं. त्यातही अर्ध्यानंतर तेच. मी ते दुरुस्त केलं होतं, काम हलकं झालं म्हणून खूशही झाले होते, आणि मला काही दिसलं नव्हतं. काही शंका आली की मी दादाला फोन करायची. हल्ली फोन वहिनी उचलायच्या. "तो झोपलाय गं, विचारून सांगते." मग थोड्या वेळाने उत्तर यायचं. तेही आत्ता आठवलं.

वहिनी दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायच्या. दिवसभर फोनवर स्वच्छ, सावकाश बोलायचं हेच त्यांचं काम होतं. मी अर्धी रजा टाकली आणि बसने निघाले. वाटेत राग येत होता, भीतीही वाटत होती. वहिनीच दादाच्या नावावर पुस्तक लिहीत असतील तर? छपाईची तारीख ठरली होती, मुखपृष्ठ तयार होतं. आणि मीच, चिमटा म्हणवणारी, त्या पुस्तकावर हात फिरवत बसले होते.

वहिनींनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. त्या मागे सरकल्या, दादाच्या खोलीचं दार अलगद लोटलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले.

"सासू कुठे गेली?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काय?"

"श्वासाची सासू व्हायची. ती कुठे गेली? वहिनी, हे दादा बोललेला नाही. हे तुम्ही बोललाय."

त्यांनी ओट्याला टेकून हात पुसले. मग डब्यांमागून दुसरा एक जुना फोन काढला, त्याची कानात घालायची वायर माझ्याकडे दिली. "ऐक," त्या म्हणाल्या.

दादाचा आवाज होता. मी जोर लावून ऐकलं. लांबलचक, ओला, एकात एक मिसळलेला आवाज. मधेच दम, मधेच खोकला. मला त्यातलं 'हात' कळलं, आणखी काही नाही.

"यंत्राने महिन्यापूर्वी सोडून दिलं," वहिनी म्हणाल्या. "नुसते ठिपके नाचायचे आणि मग 'पुन्हा बोला'. तो डोळे मिटून सांगत होता, त्याला दिसलं नाही. मी बोलले नाही. तेव्हापासून पडदा माझ्याकडे वळवून ठेवते. त्याला सांगितलं, उजेडाने तुझे डोळे दुखतील. त्याचं बोलणं या फोनवर भरून घेते, मग इथे येऊन कानात लावते आणि त्या फोनला माझ्या आवाजात सांगते. जसं ऐकते तसं."

"जसंच्या तसं? कशावरून?"

"वन्सं," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला चिमटेच म्हणतात. वन्सं म्हणजे पारा चढला. "काढा तुमचा मजकूर. करा तपासणी."

मी केली. लाज वाटली तरी केली. त्या कानात ऐकून एकेक वाक्य म्हणत गेल्या आणि मी टॅबलेटवर कच्चा मजकूर पुढे धरून वाचत गेले. शब्द वहिनींनी सांगितले की मग मलाही त्या ओल्या आवाजात ते दिसू लागायचे, पाण्याखालच्या फरशीसारखे. एका ठिकाणी मजकुरात होतं, 'अरे गाढवा मान सोड मान काही पळून जात नाही'. मी म्हटलं, हे नक्की तुमचं. त्यांनी वायर माझ्या कानात घातली. 'गाढवा' मला स्पष्ट ऐकू आलं. आयुष्यभर ऐकलेला शब्द होता तो. वहिनींनी एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं.

"मग सांगा ना त्याला," मी म्हटलं. "वाक्यं त्याचीच आहेत."

"त्याची अट काय होती? यंत्राला कळलं पाहिजे. हट्टी माणूस आहे. पुस्तकासाठी सकाळी उठून बसतो, दाढी करून घेतो. पुस्तक बंद झालं तर तो तोंडच उघडणार नाही गं. मग बसू आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत." त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी नळ सोडला, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

आतून हाक आली. मला शब्द कळले नाहीत, वहिनींना कळले. त्यांनी नळ बंद केला. चेहरा उतरला होता.

"तू आल्याचं त्याला कळलंय. म्हणतोय, चिमटा अवेळी कशी? कच्चं घेऊन आत ये म्हणतोय." त्यांनी माझा दंड धरला. "आठवडाभर मागे लागलाय, कच्चं दाखव, कच्चं दाखव. काल म्हणाला, दाखवलं नाहीस तर मी काय ते समजेन. चिमटे, तो हे वाचेल आणि तुला कळलं तसं त्याला कळेल."

मी ओट्यावरच्या टॅबलेटकडे पाहिलं. स्वच्छ, गुळगुळीत मजकूर. काय करायला हवं ते मला कळलं.

"त्याला सांगा, चहा घेऊन येते," मी म्हटलं.

वहिनी आत गेल्या. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चुका घालायला लागले.

आयुष्यभर जे केलं त्याच्या बरोबर उलट. 'तरंगताना'चे दोन तुकडे केले. 'पाण्यावर'चं 'पाणी वर' केलं. 'स्पर्श' फोडला, 'स्नायू'चा 'नायू' केला. नुसतं मोडून भागत नव्हतं. यंत्र अर्थहीन अक्षरं लिहीत नाही, त्याला ओळखीचा शब्द लागतो. म्हणून प्रत्येक जोडाक्षराच्या जागी जवळपासचा, खरा, चुकीचा शब्द शोधावा लागत होता. 'विद्यार्थ्याला' जिथे दिसला तिथे 'विद्यार्थी आला' केला. आणि तुकडे कुठे पाडायचे? दादाचा दम जिथे संपतो तिथे. तो कुठे संपतो हे ठरवायला मी एकेक वाक्य त्याच्यासारखं, जीभ जड करून, हवा सोडत तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले. जिथे मला गुदमरल्यासारखं होई तिथे जागा सोडायची. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मला खरोखर धाप लागली. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझा भाऊ रोज काय करतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं काम करत होती. शेवटी प्रत्येक श्वासाची सासू केली.

आतून पुन्हा हाक आली, या वेळी मोठी. मी तोंड धुतलं आणि टॅबलेट घेऊन गेले.

दादा खिडकीजवळच्या मागे कलणाऱ्या खुर्चीत होता. दाढी गुळगुळीत होती. मी टॅबलेट त्याच्यासमोरच्या फळीवर उभा केला. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट अजून थोडं हलायचं, तेवढं पान सरकवायला पुरे होतं. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांना मी काय केलं ते माहीत नव्हतं. त्यांनी मजकुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला.

दादा वाचत होता. डोळे ओळीवरून ओळीवर जात होते, घाई नव्हती. सासू आली तिथे ओठांचा एक कोपरा वर गेला आणि घशातून आवाज आला. हसला. 'विद्यार्थी आला' पाशी पुन्हा हसला. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. त्याने पान सरकवलं. मग थांबला. पान पुन्हा खाली आणलं, आणि बोट काचेवर टेकवून ठेवलं.

मी वाकून पाहिलं. बोट कुठल्याच शब्दावर नव्हतं. वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामावर होतं.

आमचं यंत्र मराठीत पूर्णविराम देत नाही. वाक्य कुठे संपलं हे त्याला कळत नाही, ते नुसतं वाहत राहतं; विरामचिन्हं सगळी मी नंतर घालते. स्वयंपाकघरात बसून मी शब्दांची हाडं मोडत होते, आणि प्रत्येक मोडलेल्या वाक्याच्या शेवटी माझ्या बोटांनी सवयीने, न विचारता, टिंब दिलं होतं. पानभर. एकही वाक्य सुटलं नव्हतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. तो बोलला ते मलाही कळलं.

"चिमटा."

मग वहिनींकडे मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही, म्हणून त्या स्वतःच पुढे आल्या. मी सगळं सांगितलं. जुना फोन, वायर, स्वयंपाकघर, महिनाभर. सांगताना मी त्याच्या बोटाकडेच बघत होते, चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. माझं बोलून झालं तरी बोट हललं नाही.

"बंद," दादा म्हणाला. अगदी स्वच्छ. त्याने डोळे मिटले.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टिंग टिंग आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. प्रकाशकाला काय सांगायचं याची जुळवाजुळवसुद्धा मी मनात करायला लागले, इतकी मी निगरगट्ट.

"बंद तर बंद," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला होता. त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुला यंत्राचंच पडलंय. यंत्राला कळलं नाही म्हणजे कुणाला कळलं नाही का? मला कळतं! महिनाभर एकेक शब्द कळलाय मला. रात्री तू कूस बदलून दे म्हणतोस ते कळतं, डॉक्टरला हळूच शिवी देतोस तीही कळते. मी खोटं बोलले, हो, बोलले. पण तुझा एक शब्द बदलला असेल तर दाखव. दाखवच!"

दादाने डोळे उघडले. मग काहीतरी म्हणाला, एका दमात, लांबलचक, आवाजाचा नुसता एक ओघ. मला ओ की ठो कळलं नाही. मुद्दाम अवघड बोलला होता, एवढं मात्र कळलं. परीक्षा घेताना त्याच्या भुवया अशाच वर जायच्या.

वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हटलं, "'घाबरलेल्या माणसाला पाणी खोल आहे हे सांगू नये, त्याला ते आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं.'"

दादाने पापण्या मिटून उघडल्या. बरोबर. पुन्हा बोलला, या वेळी भराभर, आणि बोलताना डोळ्यांत जुनी खोडी होती.

वहिनी गप्प राहिल्या.

"नाही कळलं?" मी घाबरून विचारलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. मग टेबलावरचा फोन उचलला, टाइप करायचं माइकचं बटण दाबलं आणि त्याच्यासमोर पडदा धरून एकेक शब्द सांगितला, "माझी बायको पहिल्या दर्जाची खोटारडी आहे."

पडद्यावर अक्षरं उमटली. 'माझी बायको पहिल्या दर्जा ची खोटा रडी आहे'. मी हसले आणि रडलेही, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. त्या दोन रिकाम्या जागा मी तिथल्या तिथे पुसल्या. दादाचं बोट उठलं आणि वाक्याच्या शेवटी टेकलं. मी पूर्णविराम दिला.

"पुढे?" वहिनींनी विचारलं. आवाज अजून रागातच होता. "पाठीवर तरंगण्यात दोन पानं राहिलीत. सांगणार आहेस की नाही? इथे, तुझ्यासमोर, तू बघत असताना. चुकलं तर थांबव."

दादा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. दम गोळा करत होता. मग बोलायला लागला आणि वहिनी त्याच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, त्याचं बोलणं आपल्या आवाजात फोनला सांगायला लागल्या. एकदा त्याने त्यांना अडवलं. त्यांनी 'हळूहळू' म्हटलं होतं, तो 'हळू' एवढंच म्हणाला होता. त्यांनी परत सांगितलं. मी बाजूला बसून तुटलेले शब्द जोडत गेले. अवघड नव्हतं. परिच्छेद संपला.

दादा पुन्हा काहीतरी म्हणाला. लहानसंच, आणि आवाज खाली आणून.

वहिनींनी फोन तोंडाशी नेला होता. तो तसाच खाली आणला आणि बटण बंद केलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं. "वहिनी, सांगा ना. ओळ सुटेल."

"ते पुस्तकातलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसायला वाकल्या.